छायाचित्रातील पंख्याची पाटी कशी वाचावी?

रत्नागिरी जिल्ह्यातील शाळा, अंगणवाड्या व ग्रामपंचायत कार्यालये यांच्यासाठी पंखे आणि मिक्सर खरेदी होतात, तेव्हा देयकासोबत वस्तूंची छायाचित्रेही जोडली जातात. पुष्कळदा त्यांत पंख्याची पाती दिसतात, माहितीची पाटी मात्र दिसत नाही. छताच्या पंख्याची पाटी बहुधा मोटारीच्या वरच्या अंगाला असते व पंखा टांगल्यावर ती खालून दिसत नाही. म्हणून तिचे छायाचित्र पंखा चढविण्यापूर्वीच घेतलेले बरे. मिक्सरची पाटी तळाशी असते. भांडे काढून यंत्र आडवे केले म्हणजे ती सहज टिपता येते.

छायाचित्र घेताना फ्लॅश वापरू नये. चकाकणाऱ्या पाटीवर त्याचा पांढरा डाग उमटतो व नेमका आकडाच पुसला जातो. खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या उजेडात एक चित्र समोरून व एक किंचित तिरपे घ्यावे. एवढे करूनही ३, ६ व ८ हे इंग्रजी आकडे एकमेकांसारखे भासतात. अशा वेळी डोळे ताणण्यापेक्षा गणित अधिक उपयोगी पडते.

समजा, १२०० मिलिमीटर पंख्याच्या पाटीवर वॉटच्या आकड्यातील पहिला अंक २ आहे आणि दुसरा चकाकीत हरवला आहे. हवेचा पुरवठा मिनिटाला २२० घनमीटर असल्याचे वाचता येते. तारांकनाच्या पट्टीवर सेवामूल्य ७.८६ छापलेले आहे. सेवामूल्य म्हणजे एका वॉटमागे मिनिटाला मिळणारी हवा. २२० ला ७.८६ ने भागले की २८ येतात. अर्थात हरवलेला अंक ८ होय. तो ३ असता, तर सेवामूल्य ९.५७ छापलेले असते. ६ असता, तर ८.४६.

हाच भागाकार खोटी पट्टीही उघडी पाडतो. छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. त्या वेळी लागू झालेल्या कोष्टकानुसार १२०० मिलिमीटर पंख्याला एका तारेसाठी किमान ४ आणि पाच तारांसाठी किमान ६ सेवामूल्य लागते. आता खोक्यावर पाच तारा आहेत, पण मोटारीच्या पाटीवर ७५ वॉट व २२० घनमीटर लिहिले आहे, असे समजू. भागाकार येतो २.९३. हा पंखा एका तारेसही पात्र नाही. २२० घनमीटर हवा देऊन पाच तारा मिळवायच्या, तर वीज ३६ वॉटच्या आसपासच असावयास हवी. खोका एकाचा व पंखा दुसऱ्याचा, अशी अदलाबदल यावरून तत्काळ लक्षात येते. दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

मानकचिन्हाबाबतही हीच दक्षता घ्यावी. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो; छताच्या पंख्यासाठी तो आय.एस. ३७४ होय. खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापलेले असेल व हा क्रमांक नसेल, तर वस्तू स्वीकारण्यापूर्वी विचारणा करावी. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या भ्रमणध्वनी उपयोजनेत हा क्रमांक घातल्यास परवाना कोणाचा व कोणत्या वस्तूसाठी आहे, ते कळते.

कागदी पाटी मात्र टिकाऊ नसते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा पुरानंतर चिखल धुताना मिक्सरच्या तळाचा कागद निघून जाणे स्वाभाविक आहे. मग पंचनाम्याच्या छायाचित्रात यंत्राची ओळख पटवावी कशी? कागद गेला तरी प्लॅस्टिकमध्येच उठावाने आलेली अक्षरे राहतात. तिरप्या उजेडात ती स्पष्ट दिसतात. दुसरी खूण साच्याच्या सांध्याची. वितळलेले प्लॅस्टिक दोन भागांच्या साच्यात दाबून भरतात व ते भाग जेथे मिळतात, तेथे अंगावर बारीक रेष उठते. ही रेष, तळाच्या स्क्रूंच्या जागा व हवेच्या फटी त्याच प्रकारच्या दुसऱ्या यंत्राच्या चित्राशी ताडून पाहाव्यात.

येथे एक गफलत होते. सांध्याची रेष चित्रात तड्यासारखी दिसते. परंतु सांधा सलग असतो आणि दोन्ही बाजूंना बहुधा सारखाच जातो. तडा वेडावाकडा असून बहुधा स्क्रूच्या भोकापासून किंवा कोपऱ्यापासून निघतो व मध्येच संपतो. सांध्यावर प्लॅस्टिकची पातळ झालर बाहेर आलेली दिसली, तर साचा झिजलेला असावा किंवा नीट मिटला नसावा, एवढेच म्हणता येईल. तेवढ्यावरून वस्तू बनावट ठरविणे योग्य नाही, कारण एकाच साच्यातील सांगाडा निरनिराळ्या नावांनीही विकला जातो. उत्पादक कोण, हे सांधा सांगत नाही. त्यासाठी पाटीवरील अनुक्रमांकच हवा, आणि तो खरेदीच्या दिवशीच जडसंग्रह नोंदवहीत हाताने उतरवून त्याशेजारी छायाचित्र लावलेले असावे.