फोटोवरून पोर्ट ओळखा : आधी कोपरे मोजा, मग केबल द्या

आपल्या हिवरखेडच्या दुकानात झालेली माझीच चूक आज सांगतो.

ऑनलाइन फॉर्मचं काम सुरू करणाऱ्या एका भाऊनं जुना ऑफिसवाला सीपीयू आणला होता. त्यानं मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि म्हणाला, "भाऊ, टीव्हीले लावतो तशी वायर पायजे." फोटोत चपटं, लांबट भोक दिसलं. मी एचडीएमआय केबल दिली. संध्याकाळी तो परत आला, केबल बसतच नव्हती. ते भोक डिस्प्लेपोर्टचं होतं, म्हणजे डीपीचं.

दोन्ही दिसायला भाऊ-भाऊच. फरक कोपऱ्यात आहे. एचडीएमआयचे एकाच बाजूचे दोन कोपरे तिरके असतात. डीपीचा फक्त एकच कोपरा कापलेला असतो, बाकी तीन सरळ. फोटो उलटा असो की आडवा, कापलेले कोपरे मोजले की चूक होत नाही.

पण पोर्ट ओळखला म्हणजे काम झालं असं नाही. त्या भाऊच्या मॉनिटरला एचडीएमआय होतं. मग त्याला डीपी-टू-एचडीएमआय केबल दिली आणि स्क्रीन चालू झाली. ही साधी केबल एकाच दिशेनं चालते : डीपी सीपीयूकडे, एचडीएमआय मॉनिटरकडे. उलटं असेल, म्हणजे लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डीपी, तर ती दोन्हीकडे नीट बसेल पण चित्र येणार नाही. तिथं वेगळा कन्व्हर्टर लागतो, त्याला बहुतेक वेळा यूएसबीतून करंटही द्यावा लागतो. म्हणून फोटो नेहमी दोन मागवा, सीपीयूचा आणि मॉनिटरचा.

जुन्या सीपीयूवर आणखी एक जोडी फसवते, व्हीजीए आणि सीरियल. दोघांची बाहेरची पत्र्याची चौकट एकाच मापाची आणि बाजूला दोन स्क्रू. इथं आतमध्ये बघा. व्हीजीएमध्ये तीन ओळीत 15 भोकं असतात. सीरियलमध्ये दोन ओळीत 9 पिना, आणि त्या बाहेर आलेल्या. व्हीजीए बहुतेक निळं असतं, पण रंगावर जाऊ नका, काळंही येतं.

आता फोटो कसा मागायचा? गिऱ्हाइकाला सांगा : पोर्टची धूळ पुसा, मोबाइल अगदी समोर धरा, फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशनं पत्रा चमकतो अन् कोपराच दिसत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे झूम केल्यावर फाटत नाही.

तरीही कोपरा दिसला नाही, तर अंदाजानं केबल देऊ नका, दुसरा फोटो मागा. चुकीची केबल परत आली की तिचं पाकीट फाटलेलं असतं, आणि ते नुकसान आपलंच.