त्याच गंजाचा दरवर्षी नवा फोटो

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात २८ जानेवारी २०२२च्या पहाटे बर्फ पडलेलं होतं. सातच्या आत, अजून पुरतं उजाडलंही नव्हतं तेव्हा, फ्रिक पार्कच्या घळीवरचा फर्न हॉलो पूल कोसळला. त्या वेळी पुलावर एक लांबलचक जोडबस आणि काही मोटारी होत्या. माणसं जखमी झाली, पण कुणाचा जीव गेला नाही. शाळा-कचेऱ्यांची गर्दी सुरू व्हायला थोडा वेळ होता, एवढंच त्याचं कारण. योगायोग असा की, देशातल्या पूल-रस्त्यांच्या दुरुस्तीवर बोलण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बायडेन त्याच दिवशी त्या शहरात यायचे होते.

या पुलाकडे कुणाचं लक्षच नव्हतं, असं मुळीच नाही. २०११पासून त्याची अवस्था ‘वाईट’ या वर्गात नोंदलेली होती आणि म्हणूनच त्याची दरवर्षी पाहणी होत होती. अभियंते घळीत उतरत, पुलाचे पाय पाहत, फोटो काढत आणि अहवाल महापालिकेकडे जाई. पूल पडल्यावर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २००५पासूनचे अहवाल काढून वाचले. तेव्हा त्यांत तीच निरीक्षणं आणि त्याच शिफारशी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिलेल्या आढळल्या.

ती निरीक्षणं समजायची तर या पुलाचं पोलाद समजून घ्यावं लागतं. १९७०च्या दशकात बांधलेल्या या पुलाला रंग दिलेला नव्हता. त्याचं पोलाद अशा जातीचं होतं की, हवेत त्यावर गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तो थरच आतल्या धातूला राखतो. मात्र हा थर बसण्यासाठी पोलाद ओलं झाल्यावर पुन्हा वाळावं लागतं. ते सतत ओलं राहिलं, तर थर घट्ट न होता पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि धातू आतून झिजतच राहतो. फर्न हॉलोवर पाणी वाहून नेणाऱ्या जाळ्या कचऱ्यानं तुंबल्या होत्या. रस्त्यावरचं पाणी, त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेलं मीठ मिसळून, पुलाच्या तिरक्या पायांवर उतरत होतं. पायांच्या तळाशी माती आणि पाला साचून तो भाग वाळतच नव्हता. पुढे पोलादाला आरपार भोकं पडली. त्यांचेही फोटो अहवालांत होते.

म्हणजे निरीक्षण होतं, पुरावा होता आणि उपायही लिहिलेला होता: जाळ्या साफ करा, पायांवरचा कचरा काढा, झिजलेला भाग दुरुस्त करा. पण अहवालाचा शेवटचा रकाना, म्हणजे काम कुणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचं आणि झालं की नाही हे कुणी तपासायचं, तो प्रत्यक्षात कुणी चालवलाच नाही. सुरक्षा मंडळानं २०२४मध्ये दिलेल्या निष्कर्षात दुर्घटनेचं मूळ इथेच दाखवलं. वारंवार आलेल्या शिफारशींवर शहरानं कृती केली नाही, गंज वाढत गेला आणि नैर्ऋत्येकडच्या पायाची एक आडवी जोडपट्टी तुटली.

अहवालातलं सर्वांत अवघड काम असतं ते गांभीर्य ठरवण्याचं. पेनसिल्व्हेनिया राज्यात दुरुस्तीच्या शिफारशीला शून्य ते पाच असा अग्रक्रम देतात. शून्य म्हणजे सात दिवसांत हालचाल हवी आणि एक म्हणजे सहा महिन्यांच्या आत. त्यापुढचे आकडे पुढच्या नियोजनात घ्यायच्या आणि नेहमीच्या देखभालीच्या कामांचे. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं की रहिवासी धडधडत्या छातीनं ‘सी-१ की सी-२’ असं विचारतात, ते असंच वर्गीकरण. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मधल्या दोन वर्गांत मोठी दुरुस्ती असते: सी-२ए असेल तर घरं रिकामी करून, सी-२बी असेल तर माणसं आत राहत असताना.

तुंबलेली जाळी ही गोष्ट कोणालाही झाडलोटीतली वाटेल. तिचं गांभीर्य जाळीकडे बघून कळतच नाही. तिच्यातून न गेलेलं पाणी कशावर पडतं, हे पाहावं लागतं. ते भार पेलणाऱ्या पायावर पडत असेल आणि तो पाय तुटल्यावर भार घ्यायला दुसरं काहीच नसेल, तर साफसफाईचं हे काम वरच्या क्रमांकावर जायला हवं. फर्न हॉलोच्या पायांवरच्या या जोडपट्ट्या पूर्ण पुलाच्या दृष्टीनं निर्णायक आहेत, हे पाहणी करणाऱ्यांनी नीट ओळखलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्यावरच्या गंजाकडे जितक्या बारकाईनं पाहायला हवं होतं, तितकं पाहिलं गेलं नाही.

दुसरी चूक कागदावरच्या हिशोबात झाली. पूल किती वजन पेलेल, याचं गणित करून २०१४मध्ये २६ टनांची मर्यादा लावण्यात आली होती. त्या गणितात डांबराचा थर जेवढा धरला होता, त्याच्या जवळपास दुप्पट थर प्रत्यक्षात पुलावर होता. पायांचं झिजलेलं पोलादही पुरतं वजा केलेलं नव्हतं. म्हणजे फोटोत दिसणारं भोक गणितापर्यंत पोहोचलंच नाही. हिशोब बरोबर झाला असता, तर पूल वाहतुकीला बंद करावा लागला असता, असं तपासात निघालं.

मग अशी नोंद कशी असावी? समजा, एखाद्या पायाच्या तळाशी पट्टी झिजली आहे. ‘गंज आढळला, फोटो पाहा’ एवढ्या शेऱ्यातून पुढच्या वर्षी येणाऱ्याला काहीच समजत नाही. त्याऐवजी कोणता पाय, कोणती पट्टी, तळापासून किती उंचीवर, हे लिहावं. गंज खरवडून जाडी मोजावी आणि मूळ १२ मिलिमीटरपैकी ७ उरली, तर हे दोन्ही आकडे नोंदवावेत. फोटो दोन हवेत. एक लांबून, जागा ओळखू येईल असा, आणि एक जवळून, चौकटीत मोजपट्टी धरून. पुढच्या पाहणीत त्याच कोनातून फोटो काढून नवा आकडा जुन्याशेजारी लिहावा. सात मिलिमीटरची जाडी वर्षभरात सहावर आली, तर झीज किती वेगानं चालली आहे ते कळतं आणि गांभीर्याचा आकडा अंदाजानं ठरवावा लागत नाही. उपायाच्या रकान्यात एका अधिकाऱ्याचं पद आणि तारीख असावी. तारीख उलटली आणि काम झालं नसेल, तर ती नोंद खालच्या रांगेत तशीच न उतरवता वरच्या अग्रक्रमावर न्यावी. शिवाय तोवर काय करायचं, वजन कमी करायचं, टेकू द्यायचा की रस्ता बंद करायचा, तेही तिथेच लिहावं. काम पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून त्याच जागेचा तिसरा फोटो लागतो. कंत्राटदाराचं बिल त्याची जागा घेऊ शकत नाही.

फोटोंची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. मातीखाली झाकलेला पाय फोटोत शाबूत दिसतो. म्हणून कचरा न हटवता काढलेल्या फोटोखाली ‘हा भाग पाहता आला नाही’ असं स्पष्ट लिहिणं हेसुद्धा निरीक्षणच असतं, आणि ते न लिहिलं तर वाचणारा तो भाग चांगला आहे असं धरून चालतो.

फर्न हॉलोच्या जागी नवा पूल २०२२च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी २०२३ला, पिट्सबर्गनं आपला आणखी एक जुना पूल, चार्ल्स अँडरसन पूल, वाहतुकीला बंद केला. तो पडला नव्हता. त्याच्या भारक्षमतेचा हिशोब नव्यानं केला होता.