गडबड नेमकी कुठे सुरू झाली?

पहिला तास हाताबाहेर गेला की छात्राध्यापकाच्या चिंतन दैनंदिनीत बहुधा एकच वाक्य उतरते: मुले ऐकत नव्हती, पुढच्या वेळी अधिक कडक राहीन. या वाक्यातून काही शिकता येत नाही, कारण तासात काय घडले ते त्यात कुठेच नाही. बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि शाळेतली आंतरवासिता २० आठवड्यांवर गेली. त्यामुळे पाठ टाचणाइतकेच पाठानंतरच्या या लेखनालाही महत्त्व आले आहे.

अशा नोंदीसाठी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८मध्ये मांडलेले चक्र बरेच वापरले जाते. त्यात सहा पायऱ्या आहेत: घटनेचे वर्णन, त्या वेळच्या भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. यातली सर्वांत अवघड पायरी पहिलीच. ‘वर्गात गोंधळ झाला’ हे वर्णन नव्हे, तो निवाडा आहे. वर्णनात कोण कुठे होते, कशानंतर काय झाले आणि त्या क्षणी शिक्षक काय करत होता, एवढेच यायला हवे.

सातवीच्या विज्ञानाच्या एका सराव पाठाचे उदाहरण घेऊ. पाठ हळदीच्या दर्शकाचा. हळदीचा कागद लिंबाच्या रसात पिवळाच राहतो आणि साबणाच्या पाण्यात लालसर होतो, हे मुलांनी गटात करून पाहायचे. छात्राध्यापिकेच्या टाचणात क्रम होता: गट करणे, साहित्य वाटणे, सूचना देणे. तिची नोंद साधारण अशी असू शकते: “हजेरी आणि उजळणी शांतपणे झाली. मग मी वाट्या वाटू लागले. खिडकीकडच्या गटांना देताना दाराकडच्या गटांकडे माझी पाठ होती. पहिल्या गटाने कागद लगेच साबणाच्या पाण्यात बुडवला, तो लाल झाला आणि मुले ओरडली. ते पाहायला बाकीची उठली. मी वरच्या आवाजात सूचना देऊ लागले. एका मुलाला उभे करून बोलत राहिले. तोवर वाट्या सांडल्या होत्या.”

इतके लिहिले की विश्लेषणाला धरायला काहीतरी मिळते. आरडाओरडा हा गडबडीचा शेवट होता. तिची सुरुवात साहित्य हाती पडले आणि सूचना मात्र मिळाल्या नव्हत्या, त्या मिनिटांत झाली. काही गटांकडे वाट्या होत्या पण काय करायचे ते ठाऊक नव्हते, आणि बाकीच्या गटांना वाट पाहण्याखेरीज कामच नव्हते. मुलांनी जे केले ते कुतूहलापोटी केले. तिथे बेशिस्त शोधणे अन्यायाचे ठरेल.

जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांच्या चित्रफिती तपासून १९७०मध्ये हेच दाखवून दिले. गैरवर्तन झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावरून वर्ग चांगला चालेल की नाही हे ठरत नव्हते. वर्ग चांगला चालवणारे शिक्षक एकाकडे लक्ष देतानाही सगळ्या वर्गाचे भान ठेवत आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे मुलांना न अडखळता नेत. वरच्या तासात या दोन्ही गोष्टी वाट्या वाटतानाच सुटल्या.

भावनांची पायरी अनेक जण ‘मला वाईट वाटले’ एवढ्यावर संपवतात. ते पुरेसे नाही. मागच्या बाकावर मार्गदर्शक बसले होते, त्यांच्यासमोर वर्ग ताब्यात आहे असे दिसावे या धास्तीने त्या एका मुलाला उभे केले गेले, असे मोकळेपणाने लिहिले तर ती भावना विश्लेषणाला उपयोगी पडते. ‘कडक’ होण्याला मर्यादाही आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

पुढची कृतीही तितकीच नेमकी हवी. सूचना आधी द्यायच्या, वाट्या टेबलावरच ठेवून. दोन मुलांकडून त्या पुन्हा म्हणवून घ्यायच्या. मग गटप्रमुखांनी एकेक करून साहित्य न्यायचे आणि शिक्षिकेने सगळा वर्ग दिसेल अशा जागी उभे राहायचे. हे साधले की नाही, ते पुढच्या तासात तपासता येते: साहित्य मिळाल्यावर किती गट विचारायला उठले, आणि काय करायचे ते पुन्हा किती वेळा सांगावे लागले.

या लेखनाच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हव्यात. घाबरलेल्या माणसाला क्रम नीट आठवत नाही, म्हणून नोंद त्याच दिवशी लिहावी आणि निरीक्षक सहाध्यायीच्या टिपणाशी ताडून पाहावी. पाठीमागे काय चालले होते, हे शिक्षिकेला दिसलेलेच नसते. दैनंदिनीला गुण असले की मार्गदर्शकांना आवडेल तेच लिहिण्याचा मोहही होतो. शिवाय एका तासावरून सवय ओळखता येत नाही. तीन-चार नोंदी शेजारी ठेवल्या आणि प्रत्येकीत गडबड एका कामातून दुसऱ्याकडे वळतानाच सुरू झालेली दिसली, तर टाचणातला तो टप्पा नव्याने आखावा लागतो.