आपल्या खात्याचं पान दुसऱ्याच्या पडद्यावर

२५ डिसेंबर २०१५. नाताळची सुट्टी आणि स्टीमवर हिवाळी सेल. स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं, जगभर वापरलं जाणारं ऑनलाइन दुकान; अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली व्हॉल्व्ह ही कंपनी ते चालवते. त्या दिवशी दुकान उघडलेल्या काही लोकांना मुखपृष्ठ भलत्याच भाषेत दिसलं. काहींनी ‘माझं खातं’ उघडलं, तर समोर एखाद्या अनोळखी माणसाचं खातं आलं: त्याचा ई-मेल, बिलाचा पत्ता, त्याने कुठले गेम घेतले ते, कार्डाचे शेवटचे दोन आकडे. पान पुन्हा लोड केलं की कधी कधी आणखी तिसऱ्याच कुणाचं.

कुणीतरी आत घुसून सगळं लुटतंय, असंच लोकांना वाटलं. पण कुणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. स्टीमच्या वतीने पानं वाटण्याचं काम करणाऱ्या यंत्रणेने एकाची पानं दुसऱ्याला दिली होती.

ही यंत्रणा म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, बोलण्यात सीडीएन. मोठ्या साइटचा मूळ सर्व्हर एका ठिकाणी असतो आणि वाचक जगभर. म्हणून सीडीएन कंपनी ठिकठिकाणी आपले सर्व्हर ठेवते आणि साइटच्या पानांच्या, चित्रांच्या प्रती त्यांवर साठवते. या साठ्याला कॅश म्हणतात. मुंबईतल्या माणसाने पान मागितलं की ते जवळच्या सर्व्हरवरूनच मिळतं. मूळ सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. पान पटकन उघडतं आणि मूळ सर्व्हरवरचा भार हलका होतो.

साठवलेली प्रत ओळखायची कशी, या प्रश्नाच्या उत्तरातच सगळा घोळ दडलेला आहे. सीडीएन सहसा वेब-पत्त्यावरून प्रत ओळखतो. लोगोचा पत्ता एकच आणि लोगो सर्वांना सारखाच, तेव्हा तिथे काही बिघडत नाही. पण खात्याच्या पानाचाही पत्ता सर्वांसाठी एकच असतो, `/account/` सारखा. तो उघडणारे आपण आहोत की शेजारचा, हे पत्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते असतं कुकीमध्ये. लॉगिन केल्यावर साइट आपल्या ब्राउझरला एक खूणचिठ्ठी देते, आणि ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक मागणीसोबत पाठवतो. मूळ सर्व्हर चिठ्ठी वाचून ज्याचं त्याचं पान तयार करतो. प्रत शोधताना कॅश मात्र ती चिठ्ठी साधारणपणे बघतच नाही.

तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने अर्जाच्या नावावरून गठ्ठे लावून ठेवावेत, आणि कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात कुणाचा तरी भरलेला अर्ज जावा, तसं हे आहे. पुढच्याने अर्ज मागितला की त्याच्या हातात पहिल्याचं नाव-पत्ता पडणार.

म्हणून मूळ सर्व्हर खाजगी पानावर एक सूचना लावून देतो:

```
Cache-Control: private, no-store
```

`private` म्हणजे सामाईक साठ्यात ठेवू नका, आणि `no-store` म्हणजे कुठेच साठवू नका, वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्येसुद्धा. सीडीएन ही सूचना पाळतो, पण त्याच्या सेटिंगमध्ये ती डावलायचीही सोय असते. ती सोय उगाच ठेवलेली नाही. पुष्कळ साइट आळसाने सगळ्याच पानांना ‘साठवू नका’ असं लावून टाकतात. मग सीडीएनला ‘मूळ सर्व्हर काही म्हणो, हे साठव’ असं सांगावं लागतं. असा नियम नेमक्या पत्त्यांपुरता ठेवला तर ठीक. तो सरसकट लावला की खात्याचं पानही त्यात सापडतं.

त्या नाताळला स्टीमवर हल्ला चालू होता. खोट्या मागण्यांचा पूर लोटून दुकान बंद पाडायचं, हा हल्लेखोरांचा डाव होता. सेलच्या दिवसांत एरवी असते त्यापेक्षा दुकानावरची वर्दळ २,००० टक्क्यांनी वाढली, असं व्हॉल्व्हने ३० डिसेंबरच्या निवेदनात सांगितलं. अशा वेळी कॅश हीच ढाल असते, कारण जितकी पानं साठ्यातून जातील तितकी मूळ सर्व्हरला झळ कमी. कॅशिंगचं काम पाहणाऱ्या भागीदार कंपनीमार्फत नवे नियम लावले गेले. हल्ल्याची दुसरी लाट आली तेव्हा आणखी एक नियमावली चढवली गेली, आणि तिने लॉगिन केलेल्यांची पानंही साठवायला सुरुवात केली.

तिथल्या वेळेनुसार सकाळी ११.५० ते दुपारी १.२० पर्यंत हे चाललं. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचे १.२० ते २.५० वाजले होते. चूक लक्षात आल्यावर दुकान बंद करून नवी नियमावली लावावी लागली. सुमारे ३४,००० जणांची खाजगी माहिती असलेली पानं या दीड तासात इतरांना दिसली असण्याची शक्यता होती. माझ्या मते यात हल्लेखोरांकडे बोट दाखवून भागत नाही. हल्ला परतवण्याच्या घाईत लावायचे नियम आधीच, शांतपणे, दोन वेगळ्या खात्यांनी तपासून ठेवायला हवेत. ऐन गर्दीत ते पहिल्यांदा लावून पाहण्याची किंमत ग्राहकांनी का मोजायची?

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी होती. दिसत होतं ते पान फक्त प्रत होतं. त्यावरचं खरेदीचं बटण दाबलं तरी मागणी जायची ती दाबणाऱ्याच्याच कुकीसह. त्यामुळे दुसऱ्याच्या खात्यातून काही घेता किंवा बदलता येत नव्हतं. कुकी देणारं उत्तरच साठवलं गेलं असतं, तर गोष्ट फार वेगळी झाली असती. लॉगिननंतर सर्व्हर `Set-Cookie` या ओळीत ती खूणचिठ्ठी पाठवतो. हे उत्तर पुढच्या माणसाकडे गेलं, तर त्याचा ब्राउझर ती चिठ्ठी आपली म्हणून ठेवतो आणि तो खरोखरच दुसऱ्याच्या खात्यात शिरतो. याच कारणाने बरेच सीडीएन अशी ओळ असलेलं उत्तर साठवायला मुळातच नकार देतात.

साइट चालवणाऱ्याला हा दोष पकडणं अवघड नाही. दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करून लागोपाठ एकच पान उघडायचं, आणि डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क भागात त्या पानासोबत आलेल्या ओळी वाचायच्या. खात्याच्या पानावर असं काही दिसलं, तर सीडीएनचा तो नियम तिथल्या तिथे काढायचा:

```
X-Cache: HIT
Age: 42
```

याचा अर्थ हे पान मूळ सर्व्हरने आत्ता तयार केलेलं नाही. ते ४२ सेकंदांपूर्वीचं, साठ्यातून आलेलं आहे. ओळींची नावं प्रत्येक सीडीएनची थोडी वेगळी असतात. एका खात्याने पाहून मात्र काहीच कळत नाही, कारण साठ्यातून आलं तरी पान आपलंच असतं. नियम काढल्यावर साठाही रिकामा करावा लागतो, नाहीतर मुदत संपेपर्यंत जुन्या प्रती वाटल्या जातातच. आणि जी पानं लोकांच्या ब्राउझरमध्ये पोचली, ज्यांचे स्क्रीनशॉट निघाले, ती परत बोलावता येत नाहीत.

ग्राहकाची पहिली धाव अशा वेळी चुकीच्या दिशेने जाते. भलत्याचं खातं दिसलं की माणूस घाबरून स्वतःचं खातं उघडतो, कार्ड काढून टाकावं म्हणून. पण स्टीमच्या त्या दीड तासात धोका नेमका अशांनाच होता: ज्यांनी खात्याचं किंवा पैसे भरण्याचं पान उघडलं, त्यांचंच पान साठ्यात जाऊ शकत होतं. ज्यांनी त्या वेळात अशी पानं उघडलीच नाहीत, त्यांची माहिती कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा टॅब बंद करायचा, कंपनीला कळवायचं, आणि दुरुस्ती झाल्याचं जाहीर होईपर्यंत तिथे लॉगिन करायचं नाही.