वायसर की चकती?

नळ गळायला लागला की घरातला जो तो त्याला जास्त जोर लावून पिळतो. आठवडाभर हा उपाय चालतोही. पुढे पुढे तो नळ घरातल्या सगळ्यात दणकट माणसालाच नीट बंद करता येतो आणि एक दिवस त्यालाही येत नाही. जुन्या पितळी नळाच्या बाबतीत या पिळण्याने निदान चार दिवस तरी पदरात पडतात. स्वयंपाकघरातल्या नव्या चकचकीत नळाला मात्र त्याचा काडीचाही उपयोग नसतो, उलट आतलं काहीतरी मोडतं. दोन्ही नळ पाणी अडवतात, पण अडवण्याची रीत अगदी वेगळी आहे.

जुना नळ पाणी दाबून अडवतो. मूठ फिरवली की आतला आट्यांचा दांडा, म्हणजे स्पिंडल, खाली सरकतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वॉशर पितळेच्या गोल बैठकीवर दाबून बसतो. हार्डवेअरच्या दुकानात याच वॉशरला ‘वायसर’ म्हणतात. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या एका पितळी कारखान्यात १८४५च्या सुमारास ही रचना पुढे आली आणि मोरीतल्या नळात आजही मूळ कल्पना तीच आहे. रबर दाबलं जातं, झिजतं, कडक होतं; कालांतराने त्यावर बैठकीच्या काठाची गोल खाच उमटते आणि त्या खाचेतून पाणी वाट काढतं. जोरात पिळल्यावर खाच आणखी खोल जाते, म्हणून गळती थोडे दिवस थांबते आणि मग वाढते.

नव्या नळात दाबण्याचा प्रकारच नाही. काट्रिज नावाच्या छोट्या नळकांड्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात. त्या इतक्या गुळगुळीत घासलेल्या असतात की मधून पाणी जाऊ शकत नाही. खालची चकती स्थिर असते, वरची मुठीबरोबर फिरते. दोन्हींची भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू आणि सरकली की बंद. चकती मुठीच्या जोराने घट्ट होत नसल्यामुळे नळ शेवटच्या टोकाला टेकल्यावर लावलेला सगळा जोर आतल्या छोट्या अडसरावर येतो.

नळ न उघडता ओळखायचं कसं? मूठ पूर्ण बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत सावकाश फिरवून बघावी. दोन-तीन वेढे घ्यावे लागले आणि बंद होताना शेवटी मऊ, रबर दाबल्यासारखी जाणीव झाली, तर आत वायसर आहे. पाव किंवा अर्ध्या वेढ्यात ‘टक’ करून पक्की अडली, तर बहुधा सिरॅमिक. गरम-थंड पाण्याचा एकाच दांडीचा मिक्सर असेल तर आजकाल बहुतेक वेळा आत सिरॅमिक काट्रिजच असतं. एक फसगत मात्र नेहमीची आहे. अंगणात किंवा गच्चीवर लांब दांडीचा नळ असतो, तोही पाव वेढ्यात बंद होतो. पण त्याच्या आत भोक पाडलेला धातूचा गोळा असतो, वायसरही नाही आणि चकतीही नाही. शंका उरली तर आतला भाग बाहेर काढून त्याचं बूड बघावं. मधोमध रबराची टिकली दिसली तर वायसर. भोकं असलेली चकती आणि तिच्या कडेने रबरी कडं दिसलं तर काट्रिज.

गळतं कुठून, हेही बघायला हवं. तोंडातून टपकत असेल तर दोष वायसरचा किंवा चकतीचा. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल तर वायसर बदलून काही होणार नाही. दोष दांड्याभोवतीच्या पॅकिंगचा किंवा रिंगचा असतो. लांब वाकड्या मानेचा नळ बंद केल्यावर पाच-दहा थेंब पडून थांबत असेल तर तो गळतच नाही, मानेतलं उरलेलं पाणी निथळतं आहे.

आता पुण्यातलं एखादं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं घर समजू. मोरीत पितळी नळ, ओट्यावर पाव वेढ्याचा, आणि दोन्ही टपकताहेत. मोरीतला सेकंदाला एक थेंब टाकतो. म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. एक थेंब पाव मिलिलिटर धरला तर सुमारे साडेएकवीस लिटर, रोजची एक मोठी बादली.

मोरीतल्या नळाचं काम आधी. मेन कॉक बंद करून नळ उघडावा आणि उरलेलं पाणी वाहून जाऊ द्यावं. मुठीवरची टिकली उचकटून खालचा स्क्रू काढला की मूठ निघते. नळ अर्धवट उघडा ठेवूनच वरचा नट पान्याने सैल करावा, म्हणजे वायसर बैठकीत रुतून बसलेला राहत नाही. इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो. नट हलत नाही म्हणून माणूस जोर करतो आणि नटाऐवजी अख्खा नळच फिरतो. भिंतीतला सांधा सैल होतो आणि दहा मिनिटांचं काम फरशी फोडण्यावर जातं. म्हणून दुसऱ्या हाताने, फडकं गुंडाळून, पकडीने नळाचं अंग घट्ट धरायचं. जुना वायसर सोबत नेऊन त्याच मापाचा आणावा. बसवण्यापूर्वी बैठकीवरून बोट फिरवावं. खड्डे किंवा चरे लागले तर नवा वायसरही महिनाभरात कापला जाईल. बैठक घासून सपाट करावी लागते आणि ते हत्यार प्लंबरकडे असतं.

ओट्यावरच्या नळाचा दोष बहुतेकदा पाण्यातूनच आलेला असतो. टाकी धुतल्यावर किंवा टँकरचं पाणी आल्यावर वाळूचा कण चकत्यांमध्ये अडकतो, बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचतो किंवा बुडाचं रबरी कडं चेपून जातं. काट्रिज काढल्यावर ते थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून धुवावं आणि कडं जागेवर आहे का ते पाहावं. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. चकतीवर ओरखडा किंवा टवका दिसला तर मात्र पूर्ण काट्रिज बदलायचं, कारण चकती घासून दुरुस्त होत नाही. त्याची किंमत वायसरच्या कित्येक पट पडते. दुकानात नुसतं ‘पाव वेढ्याचं द्या’ म्हणून उपयोग नाही. उंची, आट्यांचं माप आणि मूठ बसते त्या टोकावरच्या दात्यांची संख्या जुळली पाहिजे. शिवाय काही काट्रिज उजवीकडे उघडतात, काही डावीकडे. जुनं खिशात घालून नेणं हाच सोपा मार्ग.

नवं बसवण्याआधी रिकाम्या नळावर फडकं धरून मेन कॉक क्षणभर जरासा उघडावा, म्हणजे आतली वाळू बाहेर फेकली जाते. मग काट्रिज बसवून नट बेताने आवळावा, आणि नळ उघडा ठेवूनच मेन कॉक हळूहळू सोडावा. बंद नळावर एकदम पाणी सोडलं तर अडकलेली हवा आणि कचरा जोरात नव्या चकत्यांवर आदळतो. पाणी स्वच्छ यायला लागलं की नळ दोन बोटांनी बंद करायचा. तोंडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून पंधरा मिनिटांनी बघितला, की कागदच सांगतो काम झालं की नाही.