अंगणातील पेव्हर ब्लॉक : कडेची कापणी व वाळूचा थर

धान्य वाळविण्यासाठी घरापुढील अंगणात पेव्हर ब्लॉक बसविताना मालाचा अंदाज बहुधा क्षेत्रफळावरून काढला जातो. २० × १० सेंटिमीटरचे ब्लॉक दर चौरस मीटरला ५० लागतात, असा हा हिशेब. परंतु वाया जाणारा माल क्षेत्रफळावर नव्हे, तर कडेवर अवलंबून असतो. म्हणून लहान अंगणात नुकसानीचे प्रमाण अधिक पडते.

उदाहरणादाखल ४.५ मीटर रुंद व ६ मीटर लांब अंगण घेऊ. दोन ब्लॉकांमध्ये ३ मिलिमीटरची सांध ठेविल्यास रुंदीच्या ओळीत २२ पूर्ण ब्लॉक बसतात व सुमारे ३४ मिलिमीटर जागा उरते. एवढी चिंचोळी पट्टी कापून बसविली तर ती टिकत नाही. बैलाचा पाय पडताच निखळते. ती टाळण्यासाठी शेवटचा ब्लॉक काढून दोन मोठे तुकडे बसवावे लागतात, म्हणजे आणखी एक ब्लॉक खर्ची पडतो. यापेक्षा कडेचे दगडच ४.४७ मीटर अंतरावर बसवावेत. मग एका ओळीत २२ पूर्ण ब्लॉक व पुढील ओळीत दोन्ही टोकांस अर्धा-अर्धा, असे बरोबर जमते. एका ब्लॉकचे दोन्ही अर्धे त्याच ओळीत कामी येतात. लांबीतही ५.९८ मीटरला ५८ ओळी पुऱ्या होतात. एकूण १,२७६ ब्लॉक लागतात. फुटतुटीसाठी तीस-पस्तीस जादा घ्यावेत. ब्लॉक मापात थोडे कमीजास्त असतात, म्हणून आधी एक कड पक्की करून एक ओळ कोरडीच मांडावी व मगच दुसरी कड ठरवावी. तिरपी नक्षी करावयाची असल्यास चारही कडांना कापणी येते; तेथे शेकडा दहापर्यंत जादा माल धरावा.

आता वाळू. दाबलेला थर ३ सेंटिमीटर असावा. ४.४७ × ५.९८ × ०.०३ म्हणजे ०.८० घनमीटर. सुटी वाळू दाबल्यावर बसते, म्हणून चौथा हिस्सा वाढवून १ घनमीटर, अर्थात ३५ घनफूट किंवा ब्रासचा सुमारे तिसरा हिस्सा मागवावा. वाळू भरड व मातीविरहित हवी. मुठीत चोळून हात मळला तर ती धुऊन घ्यावी. सांधीत भरावयाची कोरडी बारीक वाळू निराळी, दोन-तीन घनफूट.

हा अंदाज चुकतो तो खालच्या मुरुमाच्या थरामुळे. तो सरासरी एक सेंटिमीटर खोल राहिला तरी वाळू एक-तृतीयांशाने वाढते. पाण्याचा उतार, ५० ला १ प्रमाणे रुंदीत ९ सेंटिमीटर, मुरुमातच द्यावा व धुम्मसाने घट्ट करावा. काही गवंडी सपाट मुरुमावर वाळूचा थर कमीजास्त करून उतार साधतात. पहिल्या पावसाळ्यानंतर जाड वाळूच्या जागी ब्लॉक खचून डबके साचते, व पाय ठेविताच ब्लॉक डुलतो. असे दिसल्यास वरून वाळू टाकून उपयोग नाही. तेवढा भाग उकलून मुरूमच भरावा लागतो.