वेबसाइट सुरू झाल्यानंतरचा देखभाल करार

वेबसाइट सुरू झाल्यावर विकसक ग्राहकाला देखभालीचा जो प्रस्ताव देतो, त्यात वादाचं मूळ बहुधा प्रतिसादाच्या वेळेत असतं. ‘दोन तासांत प्रतिसाद’ म्हणजे दोन तासांत कोणीतरी तक्रार पाहून काम हाती घेईल. दुरुस्ती तेवढ्यात होईलच असं नाही. म्हणून दोन्ही मुदती वेगळ्या लिहाव्या लागतात, आणि घड्याळ कामाच्या वेळेतच चालतं की रविवारीही, हेसुद्धा.

समजा, हापूस आंबे विकणारं एक ऑनलाइन दुकान आहे. ऐन एप्रिलमध्ये पैसे भरण्याचं पान बंद पडलं, तर ते तातडीचं काम: एका तासात प्रतिसाद, सुट्टीच्या दिवशीही. एखादा फोटो वाकडा दिसतोय, याला दोन दिवस चालतात. मात्र बिघाड पेमेंट गेटवेच्या कंपनीकडेच असेल, तर विकसक फक्त पाठपुरावा करू शकतो. ही मर्यादा प्रस्तावात आधीच नोंदलेली बरी.

मासिक शुल्कात प्लगइनचे अपडेट, बॅकअप आणि चालू असलेली गोष्ट बिघडल्यास तिची दुरुस्ती येते. बॅकअप परत चढवून पाहिला नसेल, तर त्याचा भरवसा धरता येत नाही. कूपनची सोय हवी असेल, तर ते नवं काम; त्याचे पैसे वेगळे. शुल्क ठरवण्याचा हिशेब सोपा असतो: महिन्याला पाच तास, तासाला ८०० रुपये, म्हणजे ४,००० रुपये, अधिक जीएसटी. न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जातात की बुडतात, हे मात्र अनेक प्रस्तावांत लिहायचंच राहतं.